नाव आधी कानानं तपासा, डोमेन नंतर घ्या

धंद्याला नाव सुचलं की बहुतेक जण आधी डोमेन मिळतंय का ते बघतात. मिळालं की तिथल्या तिथे पैसे भरून टाकतात. मग लोगो, इन्स्टाग्रामचं पान, वेबसाइट, पाकिटं, दुकानावरचा बोर्ड अशी रांग लागते. ट्रेडमार्क आठवतो तो सगळ्यात शेवटी, आणि अनेकदा कुणाच्या तरी वकिलाची नोटीस दारात आल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा, आणि तो कसा करायचा हे इथे एका उदाहरणासह सांगतो.

डोमेन मोकळं आहे याचा अर्थ एवढाच, की नेमक्या त्या स्पेलिंगचा पत्ता अजून कुणी घेतलेला नाही. डोमेन विकणारी कंपनी त्या नावावर दुसऱ्याचा हक्क आहे का हे बघत नाही. गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी, खाद्यपदार्थांसाठी लागणारा एफएसएसएआयचा परवाना यांतल्या कशानंही नाव तुमचं होत नाही. कंपनी काढताना केंद्र सरकारकडून नाव मंजूर होतं, तेव्हा तर लोकांना पक्की खात्री वाटते. पण कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली ट्रेडमार्कचा मालक कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून ते नावही बदलायला लावू शकतो. डोमेनच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ सालीच हे स्पष्ट केलं होतं. रेडिफ डॉट कॉम चालू असताना कुणी तरी एका अक्षराच्या फरकानं ‘radiff.com’ घेतलं. ते डोमेन मोकळं होतं म्हणूनच मिळालं होतं, तरी कोर्टानं ते वापरायला मनाई केली.

आता उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरच्या एक बाई घरगुती मसाले, चटण्या आणि लोणची करून विकतात आणि त्यांना ‘माजघर’ हे नाव आवडलं आहे. नाव चांगलं आहे. त्यातून मालाचं वर्णन होत नाही, पण घरच्या चवीची आठवण मात्र होते. पुढे ज्या नोंदी येतील त्या समजावण्यापुरत्या मी रचलेल्या आहेत. शोधण्याची पद्धत मात्र जशी आहे तशीच सांगतो.

पहिलं काम म्हणजे आपला माल कुठल्या क्लासात बसतो ते ठरवणं. ट्रेडमार्कसाठी जगातला सगळा माल आणि सगळ्या सेवा ४५ क्लासांत वाटलेल्या आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. मसाले, चटण्या, पीठ, पापड, चहा, बेकरीचे पदार्थ हे क्लास ३० मध्ये येतात. लोणची, मुरंबे, खाद्यतेल, दुधाचे पदार्थ २९ मध्ये. दुसऱ्यांचाही माल विकणारं ऑनलाइन दुकान काढायचं असेल तर ३५, आणि उद्या खाणावळ काढायची असेल तर ४३. आपल्या बाईंना मुख्य काळजी २९ आणि ३० ची आहे, पण ३५ आणि ४३ मध्येही डोकावायला हवं. कारण कायदा क्लासाचा आकडा बघत नाही, गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का ते बघतो. मसाल्याच्या पुड्यावर जे नाव आहे तेच खाणावळीच्या पाटीवर दिसलं तर दोन्ही एकाच घरचं आहे असं माणसाला सहज वाटतं.

याची दुसरी बाजूही आहे. कर्नाटकातल्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ आणि बंगळुरूच्या एका हॉटेलसाखळीचं ‘नंदिनी’ यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ साली न्यायालयानं हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. क्लास काही ठिकाणी एकच होता, पण एकाचा माल दूध आणि दुधाचे पदार्थ, दुसऱ्याचा उपाहारगृहातले पदार्थ. दोघांची चिन्हं दिसायला वेगळी, आणि हॉटेलही १९८९ पासून त्याच नावानं चाललेलं. हॉटेलवाल्यांनी दूध आणि दुधाचे पदार्थ आपल्या नोंदीत ठेवायचे नाहीत, एवढं बघितलं गेलं. म्हणजे एकाच क्लासात सारखं नाव सापडलं म्हणून सगळं संपलं असं नाही, आणि वेगळ्या क्लासात सापडलं म्हणून सुटलो असंही नाही. नोंदीत मालाची जी यादी दिलेली असते ती शब्द न् शब्द वाचायची. आणि नाव देशभर गाजलेलं असेल तर मग माल कितीही वेगळा असला तरी त्याच्या वाटेला जायचं नाही, कारण नामांकित चिन्हांना कायदा मालाच्या पलीकडेही संरक्षण देतो.

आता प्रत्यक्ष शोध. केंद्र सरकारच्या ipindia.gov.in या साइटवर Trade Marks या भागात Public Search आहे. फी नाही. ओटीपी मागितला तर मोबाइल जवळ ठेवा. शोधाचे तीन प्रकार दिसतात: Wordmark, Vienna Code आणि Phonetic. Wordmark मध्ये पुन्हा तीन पर्याय आहेत: Start With, Contains आणि Match With. क्लासाचा आकडा टाकावाच लागतो आणि एका वेळी एकच टाकता येतो, म्हणून प्रत्येक शोध चारही क्लासांत पुन्हा करायचा.

नव्वद टक्के माणसं इथे Match With निवडतात, आपलं नाव आपल्या स्पेलिंगनं टाकतात, काही निघालं नाही की खूश होऊन बाहेर पडतात. या शोधाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. ‘MAJGHAR MASALE’ किंवा ‘MAJGHAR (LABEL)’ अशी नोंद असेल तर Match With ला ती दिसणारच नाही. आणि मराठी नावाची खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. लोगोत शब्द देवनागरीत असला तरी शोधाच्या खान्यात तो बहुधा रोमन अक्षरांत उतरवलेला असतो, आणि मराठी शब्द रोमनमध्ये कसा लिहावा याचा प्रत्येकाचा कायदा वेगळा. माजघरातला ‘ज’ आपण दाताशी जीभ लावून म्हणतो, म्हणून कुणी ‘j’ लिहील, कुणी ‘z’, कुणी ‘jh’. पहिला ‘मा’ कुणी ‘ma’ लिहील, कुणी ‘maa’. मधे जागा सोडणारेही असतात.

म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. नावाचे तुकडे टाका. आपल्या बाईंनी क्लास ३० मध्ये Start With ठेवून एकेक करून हे टाकायचं:

```
majg
maajg
mazg
majhg
maj gh
```

मग Contains निवडून शेपटाकडून शोधायचं, म्हणजे नावाच्या आधी दुसरा शब्द असला तरी सापडतं:

```
jghar
zghar
hghar
j ghar
```

नुसतं `ghar` टाकलं तर ढीगभर नोंदी येतात, पण वेळ असेल तर तीही यादी एकदा नजरेखालून घालावी. त्यात ‘माझं घर’, ‘माझे घर’ अशी नावं सापडतील, आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो: ‘माजघर’ आणि ‘माझं घर’ ही दोन वेगळी नावं आहेत का? अर्थानं वेगळी आहेत. पण दुकानात उभं राहून घाईनं म्हणून बघा, किंवा फोनवर मसाला मागवून बघा.

तोंडी मागण्यालाच आपल्या देशातली कोर्टं फार वजन देतात. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तपकिरीचा एक खटला आला होता. एका कंपनीचं नाव ‘श्री अंबाळ’, दुसरीनं नोंदवायला दिलेलं ‘श्री आंडाळ’. दुसरी बाजू म्हणत होती, अंबाळ म्हणजे देवी, आंडाळ म्हणजे वैष्णव संत. भाविक माणूस यांत कधी गल्लत करणार नाही. न्यायालयानं ते ऐकलं नाही. ऐकायला दोन्ही सारखी वाटतात, आणि तपकीर घेणारा प्रत्येक जण अर्थाचा विचार करून ती मागत नाही, असं धरून ‘आंडाळ’ची नोंदणी नाकारली गेली. कायद्यानं कल्पिलेलं गिऱ्हाईक म्हणजे सर्वसाधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा माणूस असतो. दोन पुडे शेजारी ठेवून अक्षरं जुळवणारा तो नव्हे. गेल्या महिन्यात घेतलेल्या मसाल्याचं नाव पुसटसं आठवून दुकानदाराला सांगणारा तो असतो.

म्हणून यादीतलं प्रत्येक जवळचं नाव मोठ्यानं म्हणायचं. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी फोनवरून ते सांगून लिहून घ्यायला लावायचं. त्यांनी ‘माजघर’ ऐकून ‘माझं घर’ लिहिलं तर ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकालाही तोच संशय येणार. साइटवरचा Phonetic शोधही करून बघा, पण मराठी शब्दांना तो पुरा पडत नाही. कधी भलतीच नावं देतो, कधी ऐकताक्षणी कळेल असं नाव सोडून देतो. त्यावर विसंबू नये. Vienna Code हा चित्रांसाठी आहे. लोगोत उखळ, चूल, तुळशीवृंदावन असं काही मध्यवर्ती चित्र येणार असेल तर तो वापरायचा.

समजा, सगळा शोध संपल्यावर चार नोंदी हाती लागल्या. क्लास ४३ मध्ये नागपूरच्या एका खाणावळीचं ‘MAJGHAR’, स्थिती Registered. क्लास ३० मध्ये ‘MAAJGHAR MASALE (LABEL)’, स्थिती Abandoned. क्लास ३० मध्येच ‘MAJHA GHAR’, स्थिती Objected. आणि क्लास २९ मध्ये ‘MAZGHAR’, स्थिती Removed. आता बहुतेक माणसं म्हणतील, आपल्या क्लासांत तर एकही Registered नाही, रस्ता मोकळा आहे. पण स्थितीच्या खान्यातला एक शब्द वाचून थांबायचं नसतं. प्रत्येक नोंद उघडून दोन तारखा बघायच्या: अर्ज कधी केला, आणि नाव कधीपासून वापरात आहे असं सांगितलंय. ‘Proposed to be used’ असं लिहिलेलं असेल तर अर्ज करताना वापर सुरूच झालेला नव्हता.

Objected या शब्दानं बरेच जण फसतात. त्याचा अर्थ अर्ज फेटाळला असा नाही. परीक्षकानं हरकत काढली आहे आणि उत्तर मागितलं आहे किंवा सुनावणी व्हायची आहे, एवढाच तो अर्थ. पुढे हेच अर्ज मंजूर होताना रोज दिसतात, आणि मंजूर झाला की नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे ‘MAJHA GHAR’ चा अर्ज आपल्या आधीचा असेल तर आज लटकलेला असूनही तो आपल्या पुढे उभा आहे. अशा वेळी त्याच साइटवरच्या Application Status मध्ये अर्जाचा नंबर टाकावा. तिथे परीक्षकाचा अहवाल उघडून वाचता येतो. परीक्षकानं त्या अर्जदाराला कुठली जुनी नावं आडवी दाखवली आहेत ते त्यात असतं. तीच नावं उद्या आपल्याही अहवालात येण्याचा संभव मोठा, म्हणून मी स्वतः हा अहवाल वाचल्याशिवाय कुणालाही नावाबद्दल हो म्हणत नाही.

Removed म्हणजे दहा वर्षांची मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही. पण मुदत संपल्यावर सहा महिने जादा फी भरून नूतनीकरण करता येतं आणि वर्षभराच्या आत नाव परत नोंदवून घेण्याचा अर्जही करता येतो. म्हणून हटवल्याची तारीख ताजी असेल तर ती नोंद जिवंतच धरावी. रजिस्ट्रीनं मुदत संपण्याची सूचना मालकाला पाठवलीच नव्हती असं निघाल्यानं उच्च न्यायालयांनी बरीच जुनी नावं परत नोंदवायला लावलेली आहेत, हेही लक्षात ठेवावं.

राहिला Abandoned. अर्जदारानं परीक्षकाला उत्तरच दिलं नाही म्हणून अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं. नोंदणीच्या बाजूनं हा अर्ज मेलेला आहे. पण अर्ज मेला म्हणून धंदा मेला असं मात्र नाही, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळ देऊन तपासण्यासारखी आहे. नोंद उघडली तर दिसतं की २०१४ साली केलेल्या अर्जात ‘२००९ पासून वापरात’ असं म्हटलंय. उत्तर न देण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: एजंटानं कळवलं नाही, पत्ता बदलला, पैसे नव्हते. मसाला मात्र चालूच असतो.

आणि मसाला चालू असेल तर त्याचा हक्कही चालू असतो, कारण भारतात आधी नोंदवणाऱ्यापेक्षा आधी वापरणारा वरचढ. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणी झालेला मालकसुद्धा आपल्याआधीपासून सतत वापर करत आलेल्याला थांबवू शकत नाही. आणि त्या आधीच्या वापरणाऱ्याची बाजारात ओळख झालेली असेल तर तोच उलट नोंदणीवाल्याला थांबवू शकतो. तिरुनेलवेलीतल्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या जुन्या, नावाजलेल्या दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हेच पुन्हा सांगितलं. समोरच्यानं त्याच नावात गावाचं नाव जोडून रीतसर नोंदणी मिळवली होती. न्यायालयानं आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा श्रेष्ठ मानला आणि त्याला ते नाव वापरायला केलेली मनाई कायम ठेवली.

म्हणून सरकारी साइटवरचा शोध हा अर्धा शोध आहे. उरलेला अर्धा बाजारात करायचा. गूगलवर रोमन आणि देवनागरी दोन्हींत, मागे ‘मसाले’, ‘लोणची’, ‘चटणी’, ‘पुणे’, ‘सांगली’ असे शब्द लावून शोधा. गूगल मॅप्सवर दुकानं बघा. इंडियामार्ट, जस्टडायल, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, इन्स्टाग्राम आणि फेसबुक बघा. यूट्यूबवर पाककृतींची वाहिनी त्या नावाची असेल आणि ती मसाले विकत असेल तर तीही मोजायची. पण आपल्याकडच्या घरगुती मालाचा मोठा भाग इंटरनेटवर नसतोच. बचत गटांचे मसाले तालुक्याच्या बाजारात, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत, भीमथडी जत्रेत विकले जातात. पिशवीवर नाव असतं, मागे एफएसएसएआयचा नंबर असतो, आणि वेबसाइट नसते. ज्या चार-पाच शहरांत माल विकायचा विचार आहे तिथल्या जुन्या किराणा दुकानदारांना फोन करून ‘या नावाचा मसाला कधी ठेवला होता का?’ एवढंच विचारलं तरी कळतं. मालाच्या वितरकांना तर हे तोंडपाठ असतं. समजा, कऱ्हाडच्या एका दुकानदारानं सांगितलं, “हो, येतो की, तांबड्या पिशवीत. काळा मसाला चांगला खपतो त्यांचा.” शोध इथे संपला. पिशवीचा फोटो मागवा, मागचा पत्ता वाचा, आणि तो २०१४ च्या अर्जातल्या पत्त्याशी जुळला तर ‘माजघर’ हे नाव मसाल्यासाठी घ्यायचं नाही.

अशा वेळी लोक नाव वाचवायला धडपडतात, आणि त्यातले बहुतेक उपाय निरुपयोगी असतात. ‘आईचं माजघर’ किंवा ‘माजघर कोल्हापूर’ केलं तरी मुख्य शब्द दुसऱ्याचाच राहतो. स्पेलिंग बदलून काही होत नाही, कारण कानाला फरक पडत नाही. लोगो वेगळा केला तरी माणूस मसाला नावानंच मागतो. ‘ते छोटे आहेत, काही करणार नाहीत’ हा विचार तर मुळीच करू नये. छोट्याच्या हातातही मनाईहुकमाचा अर्ज असतो, आणि असे हुकूम अंतिम निकालाची वाट न बघता अंतरिमच मिळतात. पाकिटं लॅमिनेट पाऊचची असतील तर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरलेला असतो. नाव बदललं की ते सिलिंडर आणि छापून ठेवलेला रोल दोन्ही वाया. वेबसाइटचा पत्ता बदलला की गूगलवरची जागा जाते, आणि एफएसएसएआय, जीएसटी, ॲमेझॉनची खाती सगळीकडे दुरुस्त्या कराव्या लागतात.

खरोखर उपयोगी पडणारे मार्ग दोन आहेत. एक, समोरच्याशी बोलून हक्क लेखी विकत घेणं किंवा वापराचा लेखी करार करणं. मालाचा प्रकार पुरेसा वेगळा असेल, जसं नागपूरच्या खाणावळीचं आहे, तर त्यांच्याकडून ‘आमची हरकत नाही’ असं पत्र मिळवता येतं. ते पत्र परीक्षकापुढे ठेवता येतं, मात्र परीक्षक त्याला बांधील नसतो. दुसरा मार्ग म्हणजे नवं नाव, आणि डोमेनवर एक रुपयाही खर्च झालेला नसेल तर हाच स्वस्त.

म्हणून सुरुवातीलाच तीन-चार नावं हाताशी ठेवून सगळ्यांचा शोध एकाच बैठकीत करावा. एकाच नावाच्या प्रेमात पडून बसलं की माणूस नोंदी आपल्याला हव्या तशा वाचायला लागतो. दुसरं नाव निवडताना उलटी चूकही टाळायची. ‘शुद्ध मसाले’, ‘घरगुती चटणी’, ‘अस्सल कोल्हापुरी’ अशा नावांवर कुणाचा हक्क नसतो, म्हणून ती शोधात अडत नाहीत, पण त्याच कारणानं ती तुमचीही होत नाहीत. मालाचं वर्णन, गुणवत्ता किंवा गाव सांगणारा शब्द कलम ९ खाली परीक्षक अडवतो. मालाशी संबंध नसलेला किंवा स्वतः घडवलेला शब्द शोधातही लवकर सुटतो आणि पुढे राखायलाही सोपा जातो.

शोधातून नाव स्वच्छ निघालं तरी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. अलीकडच्या काही दिवसांत दाखल झालेले अर्ज शोधात लगेच दिसतीलच असं नाही. शिवाय परदेशात अर्ज केलेली कंपनी सहा महिन्यांच्या आत इथे अर्ज करून परदेशातल्या अर्जाची जुनी तारीख मागू शकते. घरगुती मसाल्याला हा धोका कमी, सॉफ्टवेअर किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याला जास्त. त्यामुळे शोध आणि अर्ज यांत महिने जाऊ देऊ नयेत. शोधाच्या प्रत्येक पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. उद्या वाद झाला तर आपण नाव जाणूनबुजून उचललं नाही हे दाखवायला तो उपयोगी पडतो. माल दुबईला किंवा अमेरिकेतल्या मराठी घरांत पाठवायचा असेल तर तिथला शोध वेगळा करावा लागतो, कारण भारतातली नोंदणी भारतापुरतीच. त्यासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा Global Brand Database विनामूल्य आहे.

जवळचं नाव एकही सापडलं नाही तर अर्ज स्वतः करता येतो. टीएम-ए नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना एका क्लासाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. पण एखादं जरी नाव संशयास्पद वाटलं तर ट्रेडमार्कच्या वकिलाकडून किंवा एजंटाकडून लेखी मत घ्यावं. ‘सर्च केला, नाव उपलब्ध आहे’ एवढा एका ओळीचा मेसेज हे मत नव्हे. कुठल्या क्लासांत कुठले शब्द टाकून शोधलं, कुठली नावं जवळची वाटली आणि ती आडवी का येणार नाहीत, हे त्यात असायला हवं. ते देत नसतील तर दुसरीकडे जावं.

फॉर्ममध्ये ‘कधीपासून वापर’ हा रकाना खरा भरा. आधीचा वापर सांगितला तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात, म्हणून पहिलं बिल, पहिल्या पाकिटाचा फोटो, पहिली जाहिरात, डोमेन घेतल्याची पावती हे सगळं तारखेसह एका फाइलीत ठेवायला पहिल्या दिवसापासून लागा. शक्य असेल तर नुसत्या शब्दाचा अर्ज आधी करा. लोगो पुढे बदलतो, आणि शब्दाची नोंदणी असली की कुठल्याही अक्षरवळणात तो तुमचा राहतो. डोमेन आणि इन्स्टाग्रामचं नाव अर्जाच्याच दिवशी घ्या, त्याआधी नाही आणि फार नंतरही नाही. अर्जाचा नंबर मिळाला की नावापुढे ™ लावता येतं. ® मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र आल्यावरच, त्याआधी लावायला कायद्यानं मनाई आहे.

यानंतर परीक्षकाचा अहवाल येईल. त्याला उत्तर द्यायला एक महिना मिळतो, आणि उत्तर न दिल्यानं अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं हे वरच्या उदाहरणात पाहिलंच. अहवाल ईमेलवर येतो, म्हणून अर्जात एजंटाबरोबर स्वतःचाही ईमेल आहे ना हे बघून घ्या आणि महिन्यातून एकदा Application Status उघडत जा. अर्ज मान्य झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो. त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. वेबसाइट तोवर चालू करायला हरकत नाही, पण सिलिंडर कोरून पाऊचची मोठी छपाई आणि दुकानाचा प्रकाशित बोर्ड मात्र निदान परीक्षकाचा अहवाल हातात येईपर्यंत थांबवून साध्या पिशवीवर छापील लेबल चिकटवून माल विकावा.